तिसऱ्या मेजावर कोण काम करतं?

अठ्ठावीस वर्षं मी इजिप्तमधल्या दुम्यात शहरातल्या सुतारांचे कराचे कागद सांभाळतोय, आणि सुनावणीला धड तयारीने आलेला एकही माणूस अजून पाहिला नाही. कोणी मूळ कार्ड घरी ठेवून येतो, म्हणे हरवेल. कोणी विजेच्या पावत्या पिशवीत अशा कोंबून आणतो की त्या उलगडायलाच अर्धा तास जातो. आणि तोंड? ते तर कोणी शिवून आणत नाही. साहेबाने नाव विचारलं की आमचा माणूस आजोबांपासून सुरुवात करतो.

उस्ता मुतवल्लीला मी आदल्या दिवशी ऑफिसात बसवून सगळं पढवलं. हा लाकडावर कोरीवकाम करणारा जुना कारागीर. पलंगाच्या डोक्याकडची फळी कोरावी तर यानेच. घराच्या खालच्या मजल्यावर त्याची कार्यशाळा. कर खात्याने दोन वर्षांचा कर स्वतःच्या अंदाजाने ठरवून त्याला नोटीस पाठवली होती. हरकत घ्यायला तीस दिवस असतात. हा नोटीस घेऊन माझ्याकडे उगवला सत्ताविसाव्या दिवशी.

"इतके दिवस काय अंडी उबवत होतास?" मी ओरडलो.

"पाकीट उघडलं नव्हतं," तो म्हणाला.

अठ्ठाविसाव्या दिवशी मी हरकत दाखल केली, शिक्क्याची पोच घेतली, आणि दोन महिन्यांनी पत्र आलं. अंतर्गत समितीपुढे सोमवारी दहा वाजता उस्ताने स्वतः हजर राहावं.

"ओळखपत्र, कराचं कार्ड, दोन्ही मूळ आणि दोन्हीच्या नकला," मी सांगत होतो. "हे बोलावण्याचं पत्र. नोटीस. हरकतीची पोच. विजेच्या पावत्या महिन्याप्रमाणे लावून, टाचणी मारून. विमा कार्यालयाचा उतारा, तुझ्या नावावर एकही कामगार नाही हे दाखवणारा. माझं मुखत्यारपत्र माझ्याकडे आहे, त्यात तडजोडीचा अधिकार लिहिलाय. आणि ऐक, विचारलं तेवढंच बोलायचं. 'काम कसं चाललंय' असं त्यांनी विचारलं तर 'अल्हम्दुलिल्लाह, कशाची कमी नाही' म्हणालास तर तिथेच गळा दाबीन तुझा."

"मग काय म्हणू? देवाचे आभार मानायचे नाहीत?"

"मान ना, मनात मान. तोंडाने म्हण, 'काम कमी झालंय, पावत्या बघा.' माहीत नसेल तर 'माहीत नाही' म्हण. अंदाजाने आकडा सांगायचा नाही. त्यांनी लिहिलेलं वाचून दाखवल्याशिवाय सही करायची नाही. समितीत एकदा मान्य करून सही केलीस की विषय संपला, पुढे अपील नाही. कळलं?"

तो मान हलवत होता, पण नजर माझ्या टेबलावरच्या एका कागदावर होती. तो पाहणीचा अहवाल होता. सगळं घोडं तिथेच अडलं होतं.

निरीक्षक पाहणीला आला तेव्हा उस्ता घरी नव्हता. दार उघडलं ते त्याच्या बायकोने, उम्म वजदीने, म्हणजे वजदीच्या आईने. खाली तीन मेजं मांडलेली. तिन्हींवर पटाश्या ओळीने लावलेल्या, धार केलेल्या, तेल पुसलेल्या. निरीक्षकाने विचारलं, "इथे कोण कोण काम करतं?" ती म्हणाली, "हे माझ्या नवऱ्याचं. ते दुसरं शिकाऊ मुलगा असला की त्याचं. हे तिसरं माझ्या वजदीचं." "तो काम करतो?" "करतो तर! त्याच्यासारखा हात अख्ख्या गल्लीत नाही." वर त्याला चहा पाजला आणि त्याने पुढे केलेल्या कागदावर सही केली. त्याने लिहून टाकलं: दोन पक्के कारागीर, एक शिकाऊ, काम पूर्ण वेळ.

वजदी लिबियाच्या किनाऱ्यावरून होडीत बसला होता, इटलीला जायला. होडी पोचली नाही. बरोबरच्या दोन पोरांची प्रेतं किनाऱ्याला लागली, याचं लागलं नाही. प्रेत नाही म्हणून दाखला नाही. चोरवाटेने गेला म्हणून पासपोर्टावर शिक्का नाही, सरकारच्या लेखी तो देशातच. आणि आईच्या लेखी तो कुठल्यातरी तुरुंगात, आज ना उद्या फोन करणार. ती रोज सकाळी खाली उतरून त्याच्या पटाश्या पुसायची. तिच्यापुढे त्याच्याबद्दल 'होता' हा शब्द काढायची कोणाची छाती नव्हती, उस्ताचीही नाही.

"तिला बरोबर आण," मी म्हणालो. "जबाब तिचा आहे. तो तिनेच मागे घ्यायला हवा."

"नाही."

"अरे, मग हा कर भरणार कुठून? कार्यशाळा विकावी लागेल."

"विकीन."

"आणि खाशील काय? पटाश्या?"

उस्ता उठला. "नसीम," तो म्हणाला, "तिच्यासमोर ते बोलायचं नाही. तुला दुसरं जे करायचं ते कर."

सोमवारी दहाला गेलो आणि साडेअकराला आत बोलावलं. समितीत दोघं. बोलणारे फिक्री साहेब, आणि लिहून घेणाऱ्या मादाम नबीला. फिक्री साहेब वाईट माणूस नाही. त्याने पावत्या एकेक करून पाहिल्या, टाचणी पाहून खूशही झाला.

"वीज निम्म्याहून कमी झालीय," तो म्हणाला. "विम्यात कोणी नाही. ठीक. पण अहवालात मुलगा काम करतो असं आहे. उस्ता, तुमचा मुलगा काम करतो का?"

साधा प्रश्न. एका शब्दाचं उत्तर. मी त्याला शंभरदा घोकून घेतलं होतं. उस्ताने तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. शेवटी म्हणाला, "तो प्रवासाला गेलाय."

मी डोकं धरलं.

"कुठे? कधी? पासपोर्ट? प्रवासाचा दाखला आणलाय?" फिक्री साहेबाने लगेच विचारलं. "पैसे पाठवतो?"

"नाही."

"मग?"

मी मध्ये पडलो, होडीचं सांगितलं. फिक्री साहेबाने पेन खाली ठेवलं.

"देव धीर देवो," तो म्हणाला. "पण उस्ताज नसीम, माझ्यापुढे सही केलेला जबाब आहे. तुमच्या तोंडी सांगण्यावर तो मी खोडला तर उद्या मला विचारतील. दाखला द्या. नाहीतर जिने जबाब दिला तिने येऊन सांगावं, मी तिचं म्हणणं नोंदवतो. दोन्ही नसेल तर मान्य करा, किंवा असहमती लिहितो आणि फाईल अपील समितीकडे जाईल. तिथेही हाच कागद असणार."

"मान्य," उस्ता म्हणाला. "तीन मेजं लिहा. माझा मुलगा काम करतो. कुठे सही करू?"

"उस्ता!"

"करतो तो काम!" तो माझ्यावर ओरडला. बाहेरच्या बाकावरची माणसं वळून बघायला लागली. "सकाळी उशिरा येतो, पण करतो. लिहा!"

मी फिक्री साहेबापुढे हात जोडले, एक तास मागितला. दोन वाजेपर्यंत बसतो म्हणाला. उस्ताला बाकावर बसवून मी बाहेर पडलो, टुकटुक रिक्षा पकडली आणि सरळ त्याच्या घरी गेलो. मला कोणी सांगितलं नव्हतं. फाईल अपीलला जाऊ दिली असती तरी चाललं असतं, निदान वर्षभराची सवड मिळाली असती. पण मला राग आला होता. अठ्ठावीस वर्षं मी माणसांना बरोबर उत्तर द्यायला शिकवतोय, आणि हा माणूस माझ्यासमोर चुकीच्या उत्तरावर घर विकत होता.

उम्म वजदी मोलोखियाची पालेभाजी निवडत बसली होती. मी दारातच सांगितलं, एका दमात. कागद, सही, मेज, कर, कार्यशाळा. तिने एकदाही मध्ये तोडलं नाही.

"म्हणजे मी बोलले म्हणून हे झालं?" तिने विचारलं.

"तुम्ही बोललात म्हणून," मी म्हणालो. देव मला माफ करो, असंच म्हणालो.

तिने हात धुतले, ओळखपत्र घेतलं आणि काळी अबाया चढवली.

तिला पाहून उस्ता बाकावरून उठला. माझ्याकडे त्याने जे पाहिलं ते मी अजून विसरलो नाही. ती त्याच्या शेजारून आत गेली आणि खुर्चीवर बसली. फिक्री साहेबाने ओळखपत्र पाहिलं, अहवालावरची सही दाखवली.

"ही तुमची?"

"माझी."

"तिसऱ्या मेजावर कोण काम करतं?"

"कोणी नाही."

"तुम्ही तेव्हा मुलाचं नाव सांगितलं होतं."

"सांगितलं होतं. खोटं होतं."

"तो कुठे आहे?"

उस्ता भिंतीकडे तोंड करून उभा होता. उम्म वजदीने डोक्यावरच्या ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं.

"समुद्रात," ती म्हणाली. "मेला."

मादाम नबीलाचं लिहिणं थांबलं. फिक्री साहेबाने खुणेने तिला लिहायला सांगितलं. मग त्याने पुढचा प्रश्न विचारला. विचारावाच लागतो, कारण कर तारखेवर ठरतो.

"मेज कोणत्या तारखेपासून रिकामं आहे?"

मला वाटलं, तिला आठवणार नाही. मी तोंड उघडणार तोच ती म्हणाली, "घरातून एक ऑक्टोबरला गेला, शुक्रवारी. होडी चौदाला सुटली, गुरुवारी, पहाटे. मला फोन केला, म्हणाला आई, आता फोन बंद करायला सांगतायत."

"मला एक तारीख लिहायला हवी."

"दोन्ही लिहा."

"बाई, कागदावर एकच..."

"दोन्ही लिहा," ती म्हणाली. "इतके दिवस कुठेच काही लिहिलेलं नाही त्याचं."

त्याने दोन्ही लिहायला लावल्या. मादाम नबीलाने सगळं वाचून दाखवलं: सदर जागी एकच कारागीर काम करतो, मुलगा एक ऑक्टोबरला घर सोडून गेला आणि चौदा ऑक्टोबरला समुद्रात मरण पावला, असं आई सांगते. उम्म वजदीने सही केली, मग उस्ताने, मग मी. कर पाव हिश्श्यावर आला. इतक्या वर्षांत एवढी सूट मी कोणाला मिळवून दिली नव्हती.

बाहेर जिन्यावर तिघं उभे राहिलो. उस्ता माझ्याशी बोलत नव्हता. उम्म वजदीने खालच्या रस्त्याकडे पाहिलं आणि नवऱ्याला म्हणाली, "मंडपवाल्याला सांग. खुर्च्या सांग. कुराण वाचणारा शेख मोकळा आहे का बघ. आज संध्याकाळी माणसं येतील."

"उम्म वजदी..."

"कागदावर गेलंय आता. लोकांना दारात बसवायला नको?"

आमच्याकडे मयत झाल्यावर पहिला भेटणारा जे म्हणतो, ते तिला आजवर कोणी म्हटलं नव्हतं. तिने कोणाला म्हणू दिलं नव्हतं. माझ्या हातात फाईल होती, ती मी काखेत धरली.

"त्याचं राहिलेलं आयुष्य तुम्हाला लाभो," मी म्हणालो.

ती थांबली. मला वाटलं, थोबाडीत मारील, आणि मारली असती तर बरं झालं असतं. पण तिने नीट, प्रत्येक बाई देते तसं, उत्तर दिलं.

"तुमचंही आयुष्य वाढो, उस्ताज नसीम," ती म्हणाली, आणि जिन्याच्या पायरीवर खाली बसून मोठ्याने रडायला लागली.