दोन एकरांचं कोटेशन

“शेवटच्या झाडाला विचारल्याशिवाय पाणी बंद करायचं नाही.” मामंजी विहिरीवरून ओरडून सांगायचे. ते गेले, तरी मोटर बंद करायला हात पुढे केला की सुनेला ती हाक अजून ऐकू यायची.

शेत उताराचं. वर विहीर, खाली दीड एकरात वांगी-टोमॅटो आणि अगदी टोकाला अर्धा एकर लिंबं. ती लिंबं मामंजींनी लेकीच्या नावे केली होती. पाटाने दिलेलं पाणी वांग्यांतच जिरायचं, लिंबांपर्यंत नुसता ओलावा पोचायचा. गेल्या उन्हाळ्यात पानं वळली, फांद्या वाळल्या. वन्सं काही बोलल्या नाहीत. पण आणखी एक उन्हाळा असाच गेला असता, तर ती झाडं राहिली नसती, हे घरात सगळ्यांना कळत होतं. म्हणून यंदा ठिबक बसवायचं ठरलं आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर तीन दुकानांची तीन कोटेशनं येऊन पडली.

“हे घे. दोन एकर, सगळ्यात स्वस्त,” नवऱ्याने पहिला कागद पुढे सरकवला. “आजच ऑर्डर देतो.”

“तुमचं आखूडशिंगी, बहुदुधी,” बायको शांतपणे म्हणाली. “फिल्टर कुठला लिहिलाय?”

“जाळीचा. छान आहे.”

“आपल्या विहिरीत शेवाळ किती! जाळी दोन दिवसांत बुजेल. आधी वाळूचा फिल्टर हवा, मग जाळीचा. तुम्ही स्वतःचा चहा दोनदा गाळून घेता, आणि शेताने शेवाळ प्यायचं?”

नवऱ्याने कपात पाहिलं. चहाची एक पत्ती तरंगत होती. त्याने ती बोटाने बाजूला केली.

बायकोने त्या दुकानाचा पाइपचा तुकडा उचलून दुमडला. घडीवर पांढरी रेघ उमटली. तुकड्यावरची छपाई अंगठ्याने घासली, तर अंगठा काळा झाला. “बघा, हलका माल. आणि नळ्या पाच फुटांवर धरल्यात. आपल्या सऱ्या चार फुटांच्या. मग दोन एकर म्हणायला दोन एकर. निम्म्या वांग्यांना दुरून पाण्याचं दर्शन!”

“ऑडिटरबाई, तुमचं कुठलं?” नवरा म्हणाला.

तिने दुसरं कोटेशन जरा अभिमानानेच पुढे केलं. वाळूचा फिल्टर होता, पाइप जाड होता, चार फुटांचा हिशेब होता. शिवाय तिन्हींत सगळ्यात जास्त मीटर नळी याच कागदावर.

नवऱ्याने चष्मा लावला. हळूहळू त्याच्या मिशीखाली हसू पसरलं. “नळी जास्त का आहे, वाचलंस? लिंबांतही वांग्यांसारखीच नळी, दर हातभर अंतरावर छिद्र. झाडं आहेत वीस फुटांवर. मधल्या गवताला रोज अंघोळ घालायची का?”

तिने कागद ओढून पुन्हा पाहिला. मग तोंडावर पदर धरून हसली. “चुकलंच. मी नुसती लांबी पाहिली.”

“पाइप बघणारीलाही कोणीतरी बघणारा लागतो,” तो खूश होऊन म्हणाला, आणि त्या आनंदात उरलेला चहा पत्तीसकट प्यायला.

राहिलं तिसरं. वाळूचा फिल्टर, पुढे जाळीचा. पाइपवर मानकाचा पक्का शिक्का, जाडी छापलेली. वांग्यांत छिद्रांची नळी. लिंबांत साधी नळी आणि प्रत्येक झाडाच्या बुंध्याभोवती वेगळे ड्रिपर, त्यांना वेगळा व्हॉल्व्ह. नवऱ्याने मान डोलावली. पण पान उलटलं, आणि त्याचा चेहरा उतरला. वरच्या कागदावर दीड एकरच होतं. अर्ध्या एकराचा दुसरा कागद मागे टाचला होता आणि त्यावर लिहिलं होतं: वेगळा अर्ज.

त्याने दुकानदाराला फोन लावला.

“काका, ठिबकचं सरकारी अनुदान जमिनीच्या कागदावरच्या नावाने मिळतं,” दुकानदार म्हणाला. “दोन एकर तुमच्या नावावर टाकले, तर मोजणीत दीडच निघतील आणि पूर्ण अर्जच परत येईल. ताईंचा अर्ज वेगळा करा. आणि मंजुरीचं पत्र आल्याशिवाय एकही नळी जोडू नका. आधी बसवलं तर अनुदान विसरा.”

नवऱ्याने फोन ठेवला. मागचा कागद काढला आणि घडी घालून खिशात टाकला.

“अहो, तो कुठे नेलात?”

“वेगळं म्हणे! बाबा गेले तेव्हा लोक म्हणाले, आता हे वेगळे होणार. आपण झालो नाही. आता मी ताईकडे जाऊन सांगू, की तू वेगळी?”

एवढ्यात दारातून वन्संच आत आल्या. त्या दोन गल्ल्या सोडून राहत. शिवणकाम संपलं की रोज एक फेरी इकडे असायचीच. “काय, आमचं तुफान आज बसलेलं दिसतंय! आजारी आहेस का रे?” असं म्हणत त्यांनी टेबलावरचं कोटेशन उचललं, वाचलं आणि परत ठेवलं.

“दीड एकर,” त्या हळूच म्हणाल्या. “बरोबर आहे. लिंबांचं काय, म्हातारी झाडं. तुमची वांगी आधी.”

बायकोने नवऱ्याकडे पाहिलं. तो खिडकीबाहेर पाहत होता.

“अहो, खिशातलं काढा,” ती म्हणाली. “नाहीतर मी काढीन, आणि वन्संसमोर तुमचा चुरगळलेला रुमालही बाहेर येईल.”

तो कागद बाहेर आला. वन्संनी तो वाचला. आधी त्यांचे डोळे भरले, मग हसूच आलं.

“अरे वेड्या, मला वाटलं तू मला वगळलंस. आणि तू घाबरलास, की मी वेगळी होईन? नाव वेगळं, विहीर तीच!” त्यांनी शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. “हे बघ, तुझंही काम आहे. विहीर तुझ्या नावावर, म्हणून तुझं संमतिपत्र लागतं. बहिणीला पाणी द्यायला माझी हरकत नाही, असं लिहून द्यायचं.”

“हरकत? हे लिहून द्यावं लागतं?”

“लिहीच. तोंडी तू लहानपणी खूप काही दिलंस. तो लाल पतंग अजून यायचाय.”

बायको एवढी हसली की तिला खुर्ची धरावी लागली.

“पण कृषी कार्यालयात रांग असते,” वन्सं म्हणाल्या. “मला एवढं उभं राहवत नाही. आणि तुला रांग म्हणजे शिक्षा. शेवटचं लाइट बिल भरायला गेलास, ते अर्ध्यातून आइस्क्रीम खाऊन परत आलास.”

“दोन्ही अर्ज मी देईन,” नवरा म्हणाला. “पोच घेतल्याशिवाय परत येणार नाही. आणि पत्र येईपर्यंत नळीला हातसुद्धा लावणार नाही. शब्द दिला.”

“वहिनी, तू ऐकलंस ना?”

“ऐकलं. देवानेही ऐकलं असेल.”

दुसऱ्या दिवशी सकाळी बायको पूजा आटोपून स्वयंपाकघरात आली, तर खुंटीवरची पिशवी नव्हती. टेबलावर पहिली दोन कोटेशनं तशीच पडली होती, तिसऱ्याचे दोन्ही कागद, वन्संनी रात्री सही केलेला अर्ज, त्याचं संमतिपत्र, यांतलं काहीच नव्हतं. तिने खिडकीतून पाहिलं. चहा न मागता, हाक न मारता, तो पिशवी छातीशी धरून रस्त्याच्या कडेकडेने चालला होता. बहिणीच्या गल्लीच्या तोंडाशी क्षणभर थांबला, तिकडे पाहिलं, आणि न वळता सरळ कार्यालयाच्या दिशेने निघाला.