पुष्पाच्या स्लिपमधला घरभाडे भत्ता

पगारबिल म्हटलं की शशिकांत खेडकराच्या अंगात वारं शिरायचं. रांझीच्या फॅक्टरीत उभी हयात पगार सेक्शनला गेली. कोणाचा रात्रपाळीचा भत्ता अडला, कोणाची कपात दोनदा झाली, हे त्याला त्या माणसाच्या बायकोच्या आधी कळायचं. रिटायर झाला तरी खोड जाते थोडीच! लग्नाच्या पंगतीतसुद्धा शेजारच्याला विचारायचा, "तुमचा महागाई भत्ता किती चालू आहे हो सध्या?"

अशा माणसाकडे बळीराम आला तेव्हा शशिकांतला मनातून आनंदच झाला. बळीराम फिटर, एकाच फॅक्टरीतला, एकाच गेटातून सायकली काढलेला दोस्त. कांचघरला भय्यासाहेबांच्या घरात तो भाड्यानं राहायचा, लग्न झालं तेव्हापासून. त्याची मुलगी पुष्पा त्याच घरात रांगली. आता भय्यासाहेब घर विकायला निघाले होते. माणूस मात्र सज्जन. म्हणाले, "बळीराम, पहला हक तुम्हारा. दसऱ्यापर्यंत थांबतो. नंतर मला दोष देऊ नका."

बळीरामच्या पेन्शनवर घरासाठी कर्ज कोण देतो? पण पुष्पा जर्मनीत होती, एका वृद्धाश्रमात नर्स. कर्ज तिच्या नावावर घ्यायचं ठरलं. बँकेनं तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा मागितल्या, अन् त्या जर्मन भाषेत, म्हणून सहीशिक्क्याचा इंग्रजी अनुवाद.

"हे पाय, पोरीनं फोटो पाठवले," बळीरामनं मोबाईल पुढे केला. "मले तर काहीच समजून नाही राहिलं. तूच पाय बाबू आता."

फोटो टेबलावर कागद ठेवून घाईत काढलेले, तिरपे. खालचा भाग तिन्हींत कापलेला. पोरगी रात्रपाळी करून आलेली, तिला कुठली सवड!

अनुवादाला विभावरी होती. घरीच जर्मनच्या शिकवण्या घ्यायची, शिक्का मारून अनुवादही करून द्यायची. तिचे वडील शशिकांतच्याच हाताखाली सेक्शनला होते, त्यामुळे ती त्याला काका म्हणायची. दोन दिवसांत तिनं काम केलं आणि शशिकांतच्या हाती दिलं, कारण बळीरामनं सांगून ठेवलं होतं, आधी बाबूला दाखव.

शशिकांतनं चष्मा लावला आणि त्याचं डोकंच फिरलं. प्रत्येक ओळीला जर्मन शब्द तसाच ठेवलेला, पुढे इंग्रजी अर्थ, आणि खाली टिपा. एका ठिकाणी लिहिलेलं, निवासाचं मूल्य, वस्तुरूपात मिळणारा लाभ, रोख नाही. दुसऱ्या ठिकाणी, कायद्यानं सक्तीचा पेन्शन विमा. आणि शेवटी, फोटोत खालचा भाग आलेला नाही, त्यामुळे निव्वळ पगार आणि त्यानंतरच्या कपाती दिल्या नाहीत.

"अगं विभा, हे काय पुराण लिहिलंस! बँकेतला साहेब हे वाचेल का?"

"काका, तिथली पद्धत आपल्यासारखी नाही. पुष्पाला मालकानं खोली दिली आहे. त्या खोलीची किंमत ते आधी पगारात धरतात, त्यावर कर आणि विमा कापतात, आणि खाली तीच रक्कम परत वजा करतात, कारण ती हातात देतच नाहीत. म्हणून म्हणते, पूर्ण फोटो मागवा. खालचं दिसल्याशिवाय हिशेब लागायचा नाही."

"बरं बरं, पाहतो मी," शशिकांत म्हणाला. पण 'खोलीची किंमत पगारात' एवढंच त्याच्या कानात राहिलं. घरासाठी पगारात धरलेली रक्कम म्हणजे घरभाडे भत्ता, एचआरए! आणि म्हातारपणासाठी कापलेली रक्कम म्हणजे पीएफ! आयुष्यभर हेच तर केलं. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात ते काही उगाच नाही.

घरी बसून त्यानं सगळं पुन्हा टाइप केलं. जर्मन शब्द काढले, टिपा काढल्या. एचआरए, पीएफ, मेडिकल, नाइट ड्यूटी, फॅक्टरीच्या स्लिपसारखं सुबक कोष्टक. खालचा भाग नव्हता, तर तो त्यानं स्वतः भरला. वरची बेरीज, त्यातून कपाती वजा, झाला निव्वळ पगार. एक पैसा इकडचा तिकडे नाही! स्वतःच्याच कामावर तो इतका खूश झाला की बायकोला, शकुला, उठवून दाखवलं.

दुसऱ्या दिवशी विभावरीकडे पोरं शिकायला बसली होती. शशिकांतनं कागद पुढे केले.

"थोडं नीट टाइप केलंय, बँकेला समजेल असं. शिक्का मार."

तिनं पान उलटलं. "काका, तुम्ही पाहिलंय ना पूर्ण?"

"पाई-पाई पाहिली आहे."

एवढ्यावर तिनं सही केली, शिक्का मारला. वडिलांच्या साहेबाला काय म्हणणार ती? आणि शशिकांतला त्या वेळी क्षणभरही वाटलं नाही की पोरीच्या सहीखाली आपण आपलं शहाणपण सरकवतोय.

दसरा जवळ येत होता. राधाबाई, बळीरामची बायको, स्वयंपाकघराला कोणता रंग द्यायचा ते ठरवून बसली होती. इतकी वर्षं भाड्याचं म्हणून खिळा ठोकायचीही चोरी होती तिला. "भाऊजी, आता देवघराला भिंतीत कोनाडा करून घेईन," ती शशिकांतला म्हणाली, आणि त्याच्या ताटात आग्रहानं आणखी एक पुरणपोळी पडली.

मग बँकेतून बोलावणं आलं. बळीराम शशिकांतला सोबत घेऊन गेला. कर्जाच्या टेबलावरची बाई शांतपणे बोलली, आणि तेच जास्त झोंबलं.

"अंकल, स्लिप में जो नेट है, खाते में उससे कम आता है. तीनों महीने. तो हमने बेटी की सहमति लेकर कंपनी को मेल किया." तिनं एक कागद वळवला. पुष्पाच्या मालकाचं उत्तर होतं. आम्ही कुठलाही घरभाडे भत्ता देत नाही, आमच्याकडे पीएफ नावाचं काही नाही, कर्मचारी आमच्याच वसतिगृहात राहते आणि खोलीचं मूल्य निव्वळ पगारातून वजा होतं.

"मतलब ये कागज गलत है," बाई म्हणाली. "हम ये नहीं कहते कि बेटी ने कुछ किया. पर फाइल रिजेक्ट हो गई. नए सिरे से लगाइए, फिर पूरी जाँच होगी."

शशिकांतनं ते उत्तर पुन्हा वाचलं. क्वार्टरमध्ये राहायचं आणि वर घरभाडे भत्ताही उचलायचा! अरे, फॅक्टरीत असा एक माणूस सापडला होता तर त्याला स्वतः शशिकांतनं पकडलं होतं, वसुली लावली होती, वर्षभर ती गोष्ट चवीनं सांगितली होती. आणि आता तोच गुन्हा त्यानं बळीरामच्या पोरीच्या नावावर लिहून दिला होता. बेरीज जुळली म्हणून हिशेब बरोबर, हे कोणी शिकवलं त्याला?

बाहेर आल्यावर बळीराम भडकला. "त्या विभावरीनं केलं हे! शिकवणीवाली कसली, अडाणी आहे ती! काहून दिलं मी तिच्याकडे? तुझ्यासारखा माणूस घरात असताना!"

खरं सांगायचं सोडून शशिकांत रिक्षाला हात करू लागला. लाज वाटली आणि भीतीही वाटली, दोन्ही खरं.

संध्याकाळी विभावरीच त्याच्या दारात आली. हातात तिचा पहिला अनुवाद होता.

"मी बँकेत विचारून आले, काका. हाच दिला असता आणि पूर्ण फोटो जोडला असता तर झालं असतं. खोलीचे पैसे धरलेच नसते तरी तिच्या मूळ पगारावर कर्ज बसत होतं." तिनं पेन्शन विम्याच्या टिपेवर बोट ठेवलं. "तिथल्या पेन्शन विम्याला आपण पीएफ म्हणू शकत नाही, काका. त्यात हक्क जमतो, पण पीएफसारखी उचलायची शिल्लक नसते. म्हणून टीप लिहिली होती."

"मी बळीरामला सांगतो, विभा."

"तुम्ही पाहा. मी काही बोलणार नाही. न वाचता सही केली, ती माझीच आहे ना."

शिव्या देऊन गेली असती तर बरं झालं असतं. रात्री शकु म्हणाली, "सांगून टाका ना हो उद्या." तो म्हणाला, "सांगतो." तो उद्या काही उगवला नाही.

पूर्ण फोटो आले, नवा अनुवाद झाला, त्याला शशिकांतनं बोटही लावलं नाही. अर्ज पुन्हा गेला. बैल गेला आणि झोपा केला! बँकेची चौकशी चालूच होती आणि दसरा येऊन गेला. भय्यासाहेबांनी वर चार दिवस वाट पाहिली, मग घर एका ठेकेदाराला दिलं. त्यांचं तरी काय चुकलं? इकडे बळीराम भेटेल त्याला सांगत सुटला, मराठी मंडळात, भाजीवाल्याकडे, की विभावरीनं आमचं घर घालवलं. तिच्याकडची दोन पोरं शिकवणी सोडून गेली. शशिकांतला हे सगळं कळत होतं. तो मान खाली घालून ऐकायचा आणि घरी येऊन शकुवर चिडायचा.

घर सोडायच्या दिवशी तो कांचघरला गेला. भेडाघाट रस्त्याला दूर कुठेतरी दोन खोल्या मिळाल्या होत्या बळीरामला. सामानाचा टेम्पो, छोटा हत्ती, दारात उभा. राधाबाई रिकाम्या स्वयंपाकघरात उगाच फरशी पुसत होती. आता दुसऱ्याच्या घराची फरशी ती! शशिकांतला ते पाहवेना. तो बाहेर आला, तर बळीराम दोरी आवळत पुन्हा तेच बोलत होता.

"त्या पोरीचं भलं नाही होणार, सांगून ठेवतो. माझ्या राधाचा तळतळाट लागेल तिला."

"बळी, नको बे असं बोलू." शशिकांतनं दोरीचं दुसरं टोक धरलं. "तिनं बरोबर केलं होतं. मी बदललं. एचआरए मी लिहिला, पीएफ मी लिहिला, खालची रक्कमही मीच भरली. तिला फक्त सही करायला लावली. घर मी घालवलं तुझं."

बळीरामचा हात दोरीवर थांबला. आतून राधाबाईच्या बादलीचा आवाज येत होता.

"काहून सांगितलं बे आता?" तो हळूच म्हणाला. "त्या पोरीला शिव्या देऊन देऊन दिवस काढून राहिलो होतो मी. आता कोणाला देऊ?"

"मला दे ना!"

बळीरामनं नाही म्हणून मान हलवली. उरलेली गाठ त्यानं मारली, ओढून पाहिली. मग आत वळून हाक दिली, "राधा, चल. आधी विभावरीकडे थांबायचं आहे, माफी मागायची आहे."

राधाबाई आली, पुढे चढून बसली. बळीराम मागे सामानात बसला, गाद्यांवर. जाताना त्यानं नेहमीसारखं 'येतो बाबू' म्हटलं नाही. शशिकांत दारात उभा राहिला, भय्यासाहेबांना द्यायची चावी हातात घेऊन, कारण ती राधाबाईनं सवयीनं त्याच्याच हाती दिली होती.