परतफेडीची ओळ

अंबडच्या औद्योगिक वसाहतीत चैताली देवरेचं वर्कशॉप. दोन लेथ, पाच कामगार आणि निम्म्याहून जास्त काम एकाच कंपनीचं. त्या कंपनीचे खरेदी अधिकारी यादव. महिन्यापूर्वी त्यांनीच फर्मान सोडलं, "मॅडम, तीन महिन्यांत सीएनसी मशीन घ्या. काम दुप्पट करतो. नाहीतर आहे तेही दुसरीकडे जाईल."

झालं! बाई पळाल्या कोटेशन आणायला. मशीन चोवीस लाखांचं. देवळ्याचा प्लॉट विकून तिनं सहा लाख उभे केले, उरलेल्या अठरा लाखांसाठी बँकेत मुदत कर्जाचा अर्ज. सोबतचं पत्र तिनं स्वतः लिहिलं, तीनदा खोडून. कर्ज कशासाठी? सीएनसी मशीन घेण्यासाठी. फेडणार कशातून? "सदर कंपनीकडून मिळणाऱ्या वाढीव कामाच्या उत्पन्नातून." ही ओळ लिहिताना, खोटं कशाला बोला, तिची छाती फुगली होती.

बँकेत कर्ज विभागाचे अन्सारसाहेब नेमके त्याच ओळीवर थांबले. "वाढीव कामाचं काही लेखी?"

"लेखी नाही, पण यादवसाहेबांचा शब्द आहे. पाच वर्षांत कधी फिरला नाही."

"ताई, शब्द फाइलला लावता येत नाही हो. नंबर द्या, विचारून घेतो."

तिनं दिला, अगदी हौसेनं. साहेबांनी फोन स्पीकरवर टाकला.

"देवरे मॅडम? हो, आमच्या बऱ्याच व्हेंडर्सपैकी एक," यादव म्हणाले. "वाढीव काम? छे, कंपनीनं असं काही कबूल केलेलं नाही."

चैतालीचे कान तापले. कुठं बघावं तेच तिला कळेना.

"हप्ता एकोणचाळीस हजारांच्या घरात जाईल," अन्सारसाहेब हळूच म्हणाले. "आजच्या कामातून निघेल?"

"नाही."

"मग आत्ता पत्र परत न्या. लेखी मिळालं की या, मी स्वतः पुढं पाठवतो."

ती गाडीपाशी पोचते न पोचते तोच यादवांचा फोन. "अहो मॅडम, बँकेवाल्यांसमोर असं कसं कबूल करणार? उद्या माझ्याच गळ्याशी यायचं! आपलं ठरलंय ते ठरलंय. मशीन कधी येतंय?"

अशी तळपायाची आग मस्तकात गेली तिच्या! "ठरलंय ना? मग दोन ओळी लिहून पाठवा."

"म्हणजे आमच्यावर विश्वास नाही?"

"मी अठरा लाखांच्या कागदावर सही करायची, आणि तुम्हाला दोन ओळी जड होतात?"

"बघा मग. तुमच्यासारखे छप्पन्न उभे आहेत दारात." फोन कट.

वर्कशॉपमध्ये शिरली तर धोंडीराममामा, तिचे सगळ्यात जुने कारागीर, खडूनं जमिनीवर चौकोन आखत होते. दुसरा लेथ त्यांनी पार भिंतीला सरकवला होता. "ताई, मशीन इथं बसवू. उजेड चांगला हाय."

तिला रडूच आलं. पण आज नाही तर उद्या सांगायचंच होतं.

"मशीन नाही येत, मामा. लेथ बंद करा आणि सगळ्यांना बोलवा. यादवांकडून येणारं काम जाणार आहे."