चोवीसच्या लेन्सपुढचा अबोला

मोनालीच्या शॉर्टफिल्मची गोष्ट एका ओळीची होती. एक म्हातारा-म्हातारी, दोघांत अबोला, शेवटी दोघं जवळ येतात. निमोण्यातल्या बन्सीआबांना आणि त्यांच्या बायकोला, ललिताआजींना, तिनं त्यासाठी महिन्यापूर्वीच पटवलं होतं. तेव्हा दोघं चांगली बोलत होती. पण शूटिंगच्या आधीच्या बाजाराच्या दिवशी आबा दौंडच्या स्टँडवर शिरूरच्या गाडीत चढले, रुमाल टाकून सीट धरली, आणि गाडी सुटली. आजी पेरूच्या गाड्यापाशी उभ्याच.

तेव्हापासून खराच अबोला पडला.

पहिल्या सीनला त्याचा फायदाच झाला. मोनालीनं चौकट रुंद ठेवली होती, थेटरात लांबलचक पडदा असतो तशी. चोवीसची लेन्स लावली, म्हणजे पुष्कळ काही मावतं. त्यांच्या घरापुढच्या ओट्याच्या एका टोकाला आबा, दुसऱ्या टोकाला आजी, मध्ये नुसती रिकामी भिंत. कॅमेरा सांभाळणारा सम्राट एरवी तळेगाव ढमढेऱ्याकडची लग्नं शूट करायचा. तो म्हणाला, "लग्नात मी अशी जागा मोकळी सोडली तर नवरीचा बाप मारंल मला."

"हिथं ती मोकळी जागाच हिरॉइन हाय," मोनाली म्हणाली.

घोडं अडलं शेवटच्या सीनला. तिथं चौकट अरुंद होणार होती, जुन्या टीव्हीसारखी, जवळजवळ चौकोनी. डाव्या-उजव्या बाजूला पळायला जागाच नको. मॉनिटरवर दोन्हीकडं काळी चिकटपट्टी लावून सम्राटनं तेवढा भाग झाकला. आता दोघांनी खांद्याला खांदा लावून बसायचं.

"त्यांना सांग," आजी मोनालीला म्हणाल्या, "मी ह्या टोकाची हलणार न्हाई."

"तिला सांग," आबा त्या टोकावरून म्हणाले, "मी कुठं बोलावतोय."

भाड्यानं आणलेल्या लेन्स संध्याकाळी शिरूरला परत द्यायच्या होत्या. आज सीन झाला नाही तर फिल्मला शेवटच नाही. मोनालीचं तोंड उतरलं. सम्राटनं तिला बाजूला घेतलं.

"आजीला हलवायचंच न्हाई. आपण हलू."

त्यानं कॅमेरा स्टँडसकट उचलला आणि ओट्याच्या रेषेत, आजींच्या मागच्या अंगाला, पार कांद्याच्या वावरात नेला. एकशे पस्तीसची लेन्स लावली. आजींना फक्त मान कॅमेऱ्याकडं वळवायला सांगितलं. इतक्या लांबून बघितलं की जवळचा माणूस आणि त्याच्या मागचा माणूस जवळपास सारखेच दिसतात, मधलं अंतर जणू कुणी गिळून टाकतं. लांब लेन्सनं तेवढाच तुकडा मोठा करून दाखवला. मॉनिटरवर आबांचा खांदा आजींच्या खांद्याला चिकटला होता.

मोनाली खूश झाली. पण शॉट परत बघितला आणि तिचा चेहरा पडला. एसटीत एका सीटवर दोन परकी माणसं बसावीत तशी ती दोघं दिसत होती. चिकटलेली, आणि एकमेकांची नसलेली.

तेवढ्यात आजी वावरात येऊन मॉनिटरपुढं उभ्या.

"म्या ह्यांच्या खांद्याला कवा लागले गं?"

"न्हाई आजी, लेन्समुळं..."

"पूस ते. खरं काय ते दाव."

सम्राट गालात हसला. "खरं नको आजी, खऱ्याच्या वरचं दावतो."

त्यानं आजींना परत त्यांच्या टोकाला बसवलं, चोवीसची लेन्स लावली आणि कॅमेरा आणून थेट आजींच्या जवळ ठेवला, हात लांबवला तर लागेल इतका. मोनालीनं मॉनिटरवरची काळी पट्टी ओढून काढली, चौकट पुन्हा रुंद झाली. मॉनिटर आजींकडं वळवला. डावीकडं आजींचा मोठा चेहरा आणि उजवीकडं, पार लांब, आबा. ओटा तोच, पण आबा बाहुलीएवढे झाले होते.

आजी बराच वेळ बघत राहिल्या. सम्राटनं हळूच रेकॉर्डिंग सुरू केलं आणि आजींना दिसू नये म्हणून लाल दिव्यावर अंगठा ठेवला. मोनालीनं बघितलं आणि मॉनिटर तसाच धरून ठेवला.

"व्हय, असंच," आजी म्हणाल्या. मग मॉनिटर सोडून त्यांनी मान वळवली. "स्टँडवर म्या तुम्हाला एवढीच दिसले असंन."

मध्ये कुणाला न घालता त्या आबांशी बोलल्या होत्या. त्यांच्या ते ध्यानातही नव्हतं.

"मागच्या काचंतनं दिसलीस," आबा म्हणाले. "पेरू हातात हुता."

"आन् तरी उतरला न्हाईत?"

"सीट गेली असती."

आजींच्या ओठाचा एक कोपरा हलला. आबा उठले. धोतर सावरत ओट्यावरून चालत यायला लागले. जवळच्या चोवीसच्या लेन्सपुढं माणूस चालत आला की दर पावलाला झपाट्यानं वाढतो. बाहुलीएवढे आबा आधी पोराएवढे झाले, मग माणसाएवढे. चौकट अरुंद करायची गरजच उरली नव्हती. रिकामी भिंत आबा स्वतःच भरत आणत होते.

आजींनी मॉनिटरकडं एक नजर टाकली आणि हात वर केला.

"बास. तिथंच बसा. आणखी फुडं आलात तर माझ्यापेक्षा मोठं दिसाल."

आबा बसले. तिथंच, एक हात अंतर सोडून.