एक पिशवी कमी

शाळेच्या माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्याचं बजेट खजिनदाराने मोठ्या हुशारीने बसवलं होतं. माणशी दीड हजार नोंदणी फी, त्यात हॉल आणि जेवण. सिमेंटवाल्या वर्गमित्राने भेटवस्तूंसाठी वीस हजार दिले होते. त्यातून साठ कापडी पिशव्या, एका बाजूला शाळेचं नाव, दुसऱ्या बाजूला त्याच्या दुकानाचं. खजिनदारासकट पाच आयोजकांनी ‘आपण राबतोय’ म्हणत स्वतःची फी गुपचूप माफ करून घेतली होती. तो खड्डा याच वीस हजारांतून बुजवायचा, तर पिशव्या स्वस्तात हव्या होत्या. म्हणून वर्गातल्याच शिंप्याला, लंबूला, खजिनदाराने पिशवीमागे अडीचशेवरून दोनशेवर आणलं. “आपल्या शाळेचं काम आहे रे,” म्हटल्यावर लंबू विरघळला.

मग खजिनदाराने ग्रुपवर टाकलं, ज्याची फी नाही त्याला पिशवी नाही.

मेळाव्याच्या सकाळी लंबूने हॉलच्या दारात गठ्ठे उतरवले. खजिनदाराने पिशव्या मोजल्या.

“लंबू, एक कमी आहे.”

“माझी. फी जमली नाही, म्हणून शिवलीच नाही. तेवढे दोनशे कमी दे.” लंबूने घाम पुसला. “वरच्या पाच तुम्हा आयोजकांच्या. अस्तर लावलंय. तुम्ही किती खपताय.”

खजिनदाराने वरची पिशवी उचलली, पण त्याला लंबूकडे बघवेना.

“जेवायला तरी थांब,” तो कसाबसा म्हणाला.

“नको रे,” लंबू पायऱ्या उतरत म्हणाला, “फी भरली त्यांचीच ताटं सांगितली असशील.”