सरळ केलेली इमारत

धाकट्या दिराच्या हातात कॅमेरा काय अन् लाटणं काय, वहिनीच्या लेखी दोन्ही सारखंच. स्टुडिओ दोघांचा होता. तो फोटो काढायचा आणि ती कॉम्प्युटरवर ते सुधारायची. सुधारायची कसली, निस्तरायची, असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायची.

या वेळी काम मोठं होतं. एका नामांकित आर्किटेक्टबाईंच्या नव्या इमारतीचा हा फोटो पसंत पडला, तर त्यांची पुढची सगळी कामं स्टुडिओला मिळणार होती. आणि या शहाण्याने काय आणलं? अर्ध्या फोटोत नुसता रस्ता! वर इमारत टोकाकडे निमुळती. मान वर करून कॅमेरा तिरका धरला की उभ्या रेषा वर जाऊन एकमेकींकडे झुकतात, हे याला दहा वर्षांत कळू नये? कपाळ तिचं!

"वहिनी, कॅमेरा लेव्हलमध्ये होता," तो म्हणाला. "ती इमारतच..."

"तुम्ही चहा घ्या, भाऊजी."

आधी तिने लेन्सचा दोष काढला. वाइड अँगल लेन्समुळे गच्चीची कड मधे फुगली होती, ती कॉम्प्युटरला लेन्सचं मॉडेल सांगताच सरळ झाली. इथवर ठीक होतं. मग तिने उभ्या रेषांना हात घातला आणि वरचा भाग ताणत दोन्ही भिंती काटकोनात उभ्या केल्या. दोन्ही कडांचे विजेचे खांब मात्र बाहेर कलंडले. खांबसुद्धा याला धड टिपता येत नाहीत, असं पुटपुटत तिने ते छाटले, रस्ताही छाटला आणि फोटो पाठवून दिला.

दुसऱ्या दिवशी आर्किटेक्टबाई स्वतः आल्या. पडद्यावरच्या भिंतींवर त्यांनी बोट ठेवलं.

"या भिंती आत कलत्या ठेवायला मी मालकाशी दोन वर्षं भांडले," त्या म्हणाल्या. "तुम्ही इमारतीचं खोकं केलंत."

वहिनीने मूळ फोटो उघडला. दोन्ही खांब ताठ उभे होते, म्हणजे कॅमेरा तिरका नव्हताच, आणि त्यांच्यामध्ये इमारत ऐटीत निमुळती होत गेली होती. कॅमेरा वर न झुकवता आख्खी इमारत पकडायची, तर खाली तेवढा रस्ता येणारच. ही गोष्ट ती शिकाऊ मुलांना तोंडपाठ सांगायची.

बाईंनी तोच फोटो उचलला. फक्त लेन्सचा फुगा काढा, म्हणाल्या. पुढची कामंही दिली, पण दिराला. सुधारणा त्यांच्या ऑफिसातला माणूस करणार होता.

त्या गेल्यावर दिराने चहा केला आणि एक कप तिच्यापुढे ठेवला. तो एकदा जरी हसला असता, तरी तिला त्याचा राग करता आला असता.

"तुम्ही काय सांगत होतात, भाऊजी?" तिने विचारलं.

"आता राहू द्या," तो म्हणाला आणि कॅमेऱ्याची बॅग भरू लागला.