चिरागात तेल थोडं

मित्रांनो, मी मुरुम गावचा एक जुना टेपरेकॉर्डर आहे. माझं एक बटण तुटलंय, तिथं काडी खोचावी लागते. उमेदीच्या काळात लालमहंमद शिंप्यांच्या दुकानात मी दिवसभर गायचो. गिऱ्हाईक कपडे न्यायला येई आणि गाणं संपेपर्यंत हलत नसे. पुढं ते गेले आणि माझ्या नशिबी माळा आला.

परवा त्यांच्या नातीनं, निखतनं, मला खाली काढलं, पुसलं आणि कॅसेट लावली. 'चिराग में तेल है कम, दर पो खडा है घोडा.' दिव्यात तेल कमी, दारात घोडा उभा.

भाकरी थापणाऱ्या तिच्या नानीचे, हमिदाबींचे, हात थांबले. ही ओळ त्यांची अम्मा जात्यावर म्हणायची. त्या लहान असतानाच अम्मा गेली. ना फोटो राहिला, ना आवाज. उरली ती एवढी ओळच.

"मंजी ही दुकानातनंच माझ्या कानात शिरली," त्या म्हणाल्या. "अम्माची म्हणून जपली म्या. अम्मा तर मला आठवतच न्हाय."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"नानी, तुम्ही कशी म्हणता?" निखतनं विचारलं.

"चिराग में तेल हाय थोडा."

निखतनं गाणं पुन्हा लावलं. गाण्यात 'कम', नानीच्या तोंडी 'थोडा'. 'घोडा'शी जुळतं ते 'थोडा'च. चाल ओळीच्या मध्यावर एकदम तुटते, तिथं 'थोडा' मावत नाही, म्हणून गीतकारानं 'कम' बसवला आणि यमक उसवलं. म्हणजे नानीची ओळ आधीची, गाणं मागाहूनचं, असं वाटलं. कॅसेटवर मात्र एकट्या गीतकाराचं नाव.

"पण नानी, यमक तुमच्या जिभेनंही जुळवलं असेल," निखत हळूच म्हणाली.

मग तामलवाडीला द्वारकाबाईंना फोन लागला. नवी नवरी असताना त्या शेजारी राहायच्या आणि अम्माबरोबर एकाच जात्यावर दळायच्या. निखतनं ओळीतला एक शब्दही सांगितला नाही. अम्मा काय म्हणायची, एवढंच विचारलं. फोनमधून खोकला आला, मग कापरा आवाज:

'चिराग में तेल हाय थोडा, दर पो खडा हाय घोडा;
नींद कू बोल परे जा, बांध ले सफर का जोडा.'

दुसरी ओळ माझ्या कॅसेटवर नाहीच; ती दुकानातनं येणं शक्यच नव्हतं.

"शेवटचं लई हळू म्हणायची," द्वारकाबाई म्हणाल्या. "हमिदा, तू मांडीवर झोपलेली असायचीस."

हमिदाबी रडल्या. निखतनं कोरी कॅसेट घालून काडी दाबली, आणि त्या डोळे मिटून दोन्ही ओळी गायल्या. मी ते गाणं परत वाजवलं तेव्हा फोन चालूच होता.

"हमिदा," पलीकडून द्वारकाबाईंनी दबक्या आवाजात विचारलं, "तुझी अम्मा आलीय का गं तिथं?"



मित्रांनो, माझी फीत आज ना उद्या तुटेल. तुमच्या घरच्या म्हाताऱ्यांना त्याआधी गायला सांगा. आणि आपले शब्द त्यांच्या तोंडी घालू नका, नुसतं ऐका.